उसळ आटली, प्रोटीन नाही

जिमला नाव घातलं की माणूस पहिला घास मोबाईलला दाखवतो. मोबाईल विचारतो, ‘हरभऱ्याची उसळ, किती ग्रॅम?’ आणि कुणातरी परक्याच्या उसळीचा आकडा पुढे करतो. त्याची उसळ पातळ पाणी असेल. आमच्याकडे अंगाबरोबर रस्सा लागतो. तेव्हा हिशेब आपल्याच कढईचा हवा.

कढईत जे पडणार ते कच्चं असतानाच तोलायचं. हरभरे भिजत घालण्याआधी, २५० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात सुमारे १९ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे आपले ४७. पन्नास ग्रॅम सुकं खोबरं, कांदा, टोमॅटो धरून सगळे ५४. तीस ग्रॅम तेलासकट फॅट भरतं ७४. पाणी मात्र तांब्याने बेलाशक ओतावं. त्यात प्रोटीनही नाही, फॅटही नाही.

गॅस बंद केल्यावर कढईसकट वजन भरलं १९८० ग्रॅम. रिकामी कढई ९००, ती आधीच तोललेली. उरली १०८० ग्रॅम उसळ. ५४ ला १०८० ने भागून शंभराने गुणलं की शंभर ग्रॅमला ५ ग्रॅम प्रोटीन, आणि याच रीतीने फॅट जवळजवळ ७.

आई डोकावली. “पातळ आहे रे अजून, आटू दे जरा.” आटून उसळ राहिली ९०० ग्रॅम. पुन्हा भागलं, तर प्रोटीन ६! “आई, प्रोटीन वाढलं!”

“वाढेल कुठून? मी तर काहीच घातलं नाही.”

पोषणशास्त्र याहून वेगळं काही सांगत नाही. गेली ती वाफ. कढईत प्रोटीन तेव्हाही ५४ होतं, आताही ५४. वाढलं ते फक्त दर शंभर ग्रॅमांतलं, आणि फॅटही मुकाट्याने आठच्या वर सरकलं.

घोळ होतो तो माणसांमुळे. तोलण्याआधी शेजारच्या काकूंकडे वाटीभर गेली, तर त्यातलं प्रोटीन काकू खातात आणि हिशेबात ते आपल्या नावावर राहतं. ती वाटीही तोलून वजनात मिळवावी. वरची तर्री एकाने ओढली तर त्याच्या ताटात फॅट जास्त, आपल्याला नुसते हरभरे. म्हणून वाढताना डाव तळापासून फिरवावा. आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या ४०० ग्रॅममध्ये आईने २०० ग्रॅम पाणी घालून उकळी आणली, की सहाचे चार होतात. पुन्हा तोलण्यावाचून गत्यंतर नाही.

खरी पंचाईत एकच: भरल्या कढईपुढे बसून रिकाम्या कढईचं वजन आठवणं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहेच. पुढच्या वेळी नावाखाली ग्रॅमही कोरून घ्या.