आधी आमंत्रण, मग 'डू'

२००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून आपल्या पोरांच्या मागे नवं सोवळंओवळं लागलं: जर्मन मेलमध्ये एकेरी 'डू' लिहायचं की आदरार्थी 'झी'? इथे 'साहेब' म्हटलं की भागतं. तिकडचा पन्नाशीचा सहकारी मात्र खाली नुसतं पहिलं नाव लिहून सरळ 'डू'वर येतो. पोरगा घाबरून 'झी'त उत्तर देतो. त्याला वाटतं, आदर दाखवला; समोरच्याला वाटतं, पुढे केलेला हात झटकला.

मग हाच पोरगा शिकायला जर्मनीत जायचं ठरवतो आणि धीट होऊन अनोळखी घरमालकाला, प्राध्यापकांनाही 'डू' ठोकतो. तिथे हवं असतं आडनाव आणि 'झी'. 'डू'चं आमंत्रण वयानं किंवा हुद्द्यानं मोठ्यानं द्यायचं, धाकट्यानं परस्पर उरकायचं नाही. त्यातही पहिल्या ओळीत 'झी' आणि तिसरीत 'डू'चं क्रियापद आलं, की नमुना कुठून तरी उचललाय हे प्राध्यापकांना लगेच कळतं.

पिंपरीत बरं आहे. घरमालकाला 'अहो काका' म्हणायचं; डिपॉझिट कापायचं तेवढं काका कापतातच.