शेठजींच्या कोटींचे मिलियन करताना

जालन्याच्या एमआयडीसीत सळयांची रोलिंग मिल असलेल्या शेठजींना कधी ना कधी परदेशी यंत्रवाल्याला नफा-तोट्याचे पानभर पत्रक पाठवावे लागते. अशा वेळी हिशेबनिसाने आधी केबिनचे दार लावून घ्यावे. शेठजी मदतीला येऊ शकतात.

नियम पहिला. एक कोटी म्हणजे १० मिलियन आणि १०० कोटी म्हणजे एक बिलियन. तरी डोक्यातल्या डोक्यात गुणाकार करू नये. आकडा आधी पूर्ण रुपयांत लिहावा: उलाढाल ८७,४६,३२,५००. मग स्वल्पविराम पुसून उजवीकडून तीन-तीन अंकांनंतर घालावेत: ८७४,६३२,५००. शेवटचे दोन गट दशांशाच्या पलीकडे गेले की ८७४.६ मिलियन. रुपयेच बरं का, डॉलर नव्हेत!

नियम दुसरा. "कोटी" खोडून तिथे "मिलियन" लिहिणे म्हणजे रूपांतर नव्हे. मिल क्षणात एक दशांश होते आणि कागदावर कुठेही ओरखडा दिसत नाही. खातरी करायची तर उलाढालीला विकलेल्या टनांनी भागावे. समजा माल १७,५०० टन गेला. ८७.४६ कोटींना टनाचा भाव पन्नास हजारांच्या आसपास येतो, म्हणजे ठीक. पाच हजार आला, तर भट्टीवाल्याला विचारा; त्या भावात भंगारसुद्धा मिळत नाही.

नियम तिसरा, आणि इथेच संध्याकाळ जाते. खर्च ८५,१९,६१,२०० म्हणजे ८५२.० मिलियन. नफा २,२६,७१,३०० म्हणजे २२.७. पण ८७४.६ मधून ८५२.० वजा केले की उरतात २२.६. शेठजींना हा ०.१ चोरीला गेलेला वाटतो. कोणताही आकडा ओढून-ताणून जुळवू नये. प्रत्येक रक्कम मूळ रुपयांवरून स्वतंत्र पूर्णांकित करावी आणि खाली तशी टीप द्यावी. टीप कोणी वाचत नाही, पण ती नसली की सगळे विचारतात.

मागल्या वर्षाचा रकानाही बदलावा. तो लाखांतच राहिला, तर धंदा वर्षभरात बुडाल्यासारखा दिसतो. प्रतिसमभाग मिळकत मात्र रुपयांतच राहते, तिला हात लावू नये.

कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाला मिलियन चालतात, फक्त एकदा धरलेले एकक पत्रकभर तेच हवे. म्हणून "उलाढाल तेवढी बिलियनमध्ये टाका" हा शेठजींचा हट्ट मोडावा लागतो. तसेही ते ०.८७ बिलियन होतात. हे ऐकून शेठजी गप्प झाले, कारण शून्याने सुरू होणारी रक्कम त्यांनी जन्मात उच्चारलेली नाही. नफा मात्र सव्वादोनचा पावणेतेवीस झालेला पाहून त्यांनी चहा मागवला आणि हेच पत्रक कर्जासाठी बँकेतही देऊ म्हणाले.

"शेठ, तिथले मॅनेजर जालन्याचेच आहेत."

"मग राहू द्या कोटीतच."