परिचय सादर करणेबाबत

माजी विद्यार्थ्यांनी माझा सत्कार ठरवला आणि परिचय मागितला. "दहाच ओळी द्या जी बाबूजी," फोनवरचा मुलगा म्हणाला. मी रात्री कागद घेऊन बसलो आणि सवयीने लिहिलं, 'विषय : स्वतःचा परिचय सादर करणेबाबत. संदर्भ : आपला दूरध्वनी.' पुढे काही सुचेना.

नमुन्यासाठी जुन्या सत्कारांच्या पत्रिका काढल्या. प्रत्येकाने प्रतिकूल परिस्थितीवर मात केलेली. माझ्या वडिलांचं किराणा दुकान बरं चालायचं, त्यामुळे मात करायला परिस्थितीच नव्हती. सेवापुस्तक उघडलं, तर त्यात वेतनवाढी, अर्जित रजा आणि एक दीर्घ मूळव्याध. आमगावजवळच्या पदमपूरला आम्ही भवभूतीचं गाव मानतो. त्याने नाटकांच्या प्रस्तावनेत गोत्र, आजोबा, आई-वडील सगळं लिहून ठेवलंय. पण तो महाकवी, त्याला शोभतं. शाळेतल्या कारकुनाचं गोत्र कोण छापणार?

रुजू झाल्याची तारीख पडताळायला शाळेत गेलो. ऑफिससमोर नेहमीची गर्दी होती. प्रवेशाचे दिवस, सगळ्यांना आजोबांच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा हवा. ओबीसीच्या दाखल्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. त्या काळचा कागद बहुतेक घरांत नसतो, शाळेत असतो. म्हणजे वाळवीने ठेवला असेल तर.

पण रजिस्टर असून भागत नाही. त्यातल्या नोंदी प्रवेशाच्या क्रमाने असतात, नावाच्या नव्हे. आजोबा कोणत्या साली पहिलीत बसले, हे नातवाला ठाऊक नसतं, आजोबांनाही नव्हतं. आडनावाने शोधावं तर जुन्या नोंदींत आडनाव बरेचदा नसतंच. हा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, तेव्हाची लिहिण्याची तऱ्हा वेगळी. समजा, कागदोपत्री 'दशरथ' असलेला माणूस तिथे नुसता 'दसरू वल्द गोमा' असतो. तेव्हा शोधायचं ते बापाच्या नावाने आणि गावाने.

हे ध्यानात आल्यावर मी नोकरीत असताना जेवणाच्या सुट्टीत एक वही केली होती. गाववार पानं, त्याखाली बापाचं नाव, मुलाचं नाव, प्रवेश क्रमांक. कुणी सांगितलं नव्हतं. उलट त्या काळचे मुख्याध्यापक म्हणाले होते, "बाबू, पगारबिलं वेळेवर काढा, हे साहित्य नंतर लिहा." निवृत्तीनंतर ती वही रद्दीत गेली, असं मी धरून चाललो होतो.

ती टेबलावर होती. नव्या बाबूने एका मुलीला विचारलं, "आजोबाचं गाव?" पान उलटलं, बोट फिरवलं, कपाटातून नेमकं रजिस्टर काढलं. चहा निवायच्या आत उतारा तयार. मला म्हणाला, "तुमच्या वहीशिवाय इथं पान हलत नाही जी. फक्त तुमचा 'भ' आणि 'म' कळत नाही."

रांगेतल्या एका गृहस्थाने मला ओळखलं. "तुम्ही माझ्या काकाला दोन अक्षरं घालून दिली नव्हती!" मला आठवलं. जातीच्या रकान्यात थोडी भर घालून हवी होती, बदल्यात तांदळाचं पोतं देत होते. आमच्याकडे तांदूळ घरोघरी, तेव्हा मोह बेताचाच. पण कारण वेगळं होतं. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर बघतं. जुन्या फिक्या ओळीत ताजी शाई, शेजारच्या नोंदींहून वेगळं वळण, दाटीने कोंबलेलं अक्षर, हे त्यांना लगेच दिसतं. मग एक नोंद संशयित झाली की अख्खं रजिस्टर संशयित होतं आणि त्यातल्या सगळ्या आजोबांवर बालंट येतं. म्हणून 'दसरू' आहे तर उताऱ्यात 'दसरू'च. तोच दशरथ, हे घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगावं. गृहस्थ म्हणाले, "काका फार शिव्या देत होता जी तुम्हाला. पण पथक आलं तेव्हा आमचा कागद टिकला." मग त्यांनी मला चहा पाजला. पोत्याच्या हिशेबात तो स्वस्त पडला.

घरी येऊन एकाच ओळीचा परिचय लिहिला : 'दाखल-खारीज रजिस्टरची गाववार सूची तयार केली. रजिस्टरमध्ये काही घातलं नाही, काही खोडलं नाही.' बायकोने वाचून विचारलं, "हा सत्कार आहे का चौकशी?" आयोजकांनाही तो कमी पडला असावा. छापून आलेल्या पत्रिकेत मी प्रतिकूल परिस्थितीवर मात केलेली आहे.

ते असो. आयोजकांना एकच विनंती. माझ्याकडे शाली पुष्कळ आहेत. त्या वहीची शिलाई सुटत आलीय आणि गावांची शेवटची पानं हाताला येतात. शालीच्या पैशांत तिची बांधणी करा, दोन झेरॉक्स काढा आणि एक प्रत दुसऱ्या कपाटात ठेवा. 'भ' आणि 'म' मी येऊन सांगेन.