विषय क्रमांक चार

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला वेळेवर जाणं हा शुद्ध भाबडेपणा आहे. नोटिशीतच छापलेलं असतं, की गणसंख्या न भरल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तेव्हा गणसंख्येची अट राहणार नाही. म्हणजे सभा दहाची असली तरी दहाला हजर असतात ते सेक्रेटरी आणि खुर्च्या मांडणारा वॉचमन. तरीही साडेदहाची सभासुद्धा चुकवून पावणेअकराला उगवणारी आमची एक जमात आहे.

आमचं पहिलं काम दाराबाहेर. चपला सावकाश काढायच्या आणि कान आत लावायचा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जात असेल तर खुशाल शिरावं, कुणी ऐकत नसतं. पण 'गच्ची' हा शब्द कानावर आला, तर विषय क्रमांक चार, म्हणजे गळती, सुरू आहे आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचे काका बोलताहेत. त्यांचं बोलणं संपेपर्यंत तोंड दाखवायचं नाही. मध्येच दिसलात, तर "बरं झालं आलात, तुमच्यासाठी पुन्हा सांगतो" म्हणत ते २०१९ च्या पावसाळ्यापासून सुरुवात करतात आणि अख्खी खोली तुमच्याकडे खाऊ की गिळू असं बघते.

आत गेल्यावर अध्यक्षांना नमस्कार, तोही बिनआवाजी. बाकीच्यांना नुसती मान. ट्रॅफिकची सबब सांगू नये. दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर येताना सिग्नल लागत नाही. "या, या, पुढे या" असा आग्रह होतो, पण पुढची खुर्ची खजिनदारांच्या शेजारची असते, आणि ती रिकामी का आहे ते थकबाकीदारांना बरोबर ठाऊक असतं. मागची धरावी, आणि ती न ओढता उचलून सरकवावी, कारण प्लास्टिकच्या खुर्चीची किंकाळी थेट इतिवृत्तात जाते.

हजेरीच्या वहीत सही करता करता शेजाऱ्याला हळूच विचारावं, "कुठवर आलंय?" तो म्हणतो, "वरच्यांचे लाड चाललेत." माहिती शून्य, पण शेजारी तळमजल्यावरचा आहे एवढं कळतं.

आता बोलायचं कधी? "पैसे कोण देणार?" हे विचारूच नये. त्यावर आधीच दोघांचा रक्तदाब वाढून गेलेला असतो. शेवटच्या वाक्याचं शेपूट धरावं. काका म्हणाले, "दोन कोटेशनांत दुपटीचा फरक कसा?" की आपण तिथूनच उचलायचं, "स्वस्तवाला जुनं वॉटरप्रूफिंग उखडणार आहे, की त्याच्यावरच लेप मारणार?" सेक्रेटरी चष्मा लावून कागद चाळतात. उखडण्याचा उल्लेख नसतो. म्हणजे खालची भेग तशीच, वर नुसता रंग. सभा एकदम गप्प होते, मग सगळे एकदम बोलू लागतात, आणि आपण पहिल्यापासून इथेच होतो असं सगळ्यांना वाटायला लागतं.

इतकं वाटायला लागतं, की कामावर देखरेख करायला उपसमिती नेमायची ठरते. सूचक वरचे काका, अनुमोदक तळमजल्याचा शेजारी, आणि नाव आपलं.