वालांची जलसमाधी

बायको माहेरी गेली होती, रविवारी दुपारी परतणार होती. तिला आयतं वालाचं बिरडं खाऊ घालायचं, असं माझ्या मनात आलं. आईला फोन लावला. ती म्हणाली, "रात्री भिजत घाल. सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांध. दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोल." शुक्रवारी रात्री पाव किलो कडवे वाल निवडून भिजत घातले आणि वर झाकण ठेवलं.

शनिवारी सकाळी चार दाणे काढून नळाजवळच्या ओल्या फडक्यावर टाकले. चांगले दुप्पट फुगले होते. समाधानानं झाकण परत ठेवलं, ते ठेवलंच. उघडं पातेलं निदान डोळ्यांत खुपतं. झाकलेलं पातेलं इतर भांड्यांत बेमालूम मिसळून जातं.

रविवारी चहा ठेवताना वाटलं, घरात उंदीर मेलाय. सिलिंडरमागे पाहिलं, माळ्यावर पाहिलं, शेजाऱ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी झाकण उचललं. वर बोटभर फेस, खाली चिकट गढूळ पाणी आणि मधूनच 'बुळुक्' असा एखादा बुडबुडा. मोड मात्र एकालाही नाही.

पुन्हा आईला फोन.

"दोन रात्री पाण्यातच? अरे, दाण्यालाही श्वास लागतो!"

तिचं खरं होतं. दाणा फुगायला पाणी लागतं, पण त्याला दहा-बारा तास पुरतात. मग आतला अंकुर जागा होतो आणि त्याला हवा हवी असते. ती पातेल्याच्या तळाशी कुठून मिळणार? दाणा गुदमरतो, त्यातली साखर पाण्यात उतरते आणि तिच्यावर जिवाणूंची पंगत बसते. फेस आणि वास ही त्या पंगतीचीच खरकटी. उन्हाळ्यात तर ही पंगत फार लवकर बसते.

"धुऊन बघू का?"

"नुसता थोडा फेस असता तर दोन-तीन पाण्यांत वास गेला असता. धुऊनही वास राहिला आणि दाणा बुळबुळीत लागला, तर सरळ टाकून दे. शिजवून वास जात नाही, घरभर होतो."

तरी चार पाण्यांनी धुतले. वालांचा वास गेला नाही. माझ्या हातांना मात्र लागला. चिमटीत दाबलेला दाणा सालीतून साबणासारखा सटकला. पाव किलो वाल ओल्या कचऱ्यात गेले.

ओटा पुसायला फडकं उचललं, तर त्यावर शनिवारचे चार दाणे. प्रत्येकाला नखाएवढा पांढराशुभ्र मोड. ज्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तेवढेच नीट आले होते.

बायकोनं दारातूनच विचारलं, "कसला वास येतोय?"

"बिरड्याचा," मी म्हणालो आणि चार दाण्यांचं फडकं तिच्यापुढे धरलं.