आधी आमचं दुखणं, मग तुमचे संस्थापक

चाकणच्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो. म्हणजे जगातला प्रत्येक विक्रेता आपलं प्रेझेंटेशन ज्याच्यावर सोडतो, तो इसम मी. तुम्हीही कधी त्या खुर्चीत बसला असाल, तर चहा घ्या आणि ही तक्रार नीट ऐका.

पहिल्या स्लाइडवर संस्थापक असतात. हार घातलेले किंवा हार घालायला नुकतेच पात्र झालेले. मग पत्र्याच्या शेडमधली सुरुवात, वटवृक्ष, जगाच्या नकाशावर लाल ठिपके, आयएसओचं प्रमाणपत्र. त्यानंतर ग्राहकांचे लोगो. त्यात आमचा प्रतिस्पर्धी असतो आणि तो दाखवताना समोरच्याचा चेहरा विशेष उजळतो. विसाव्या मिनिटाला, समोसे थंड झाल्यावर, सदर गृहस्थ विचारतात, "तर साहेब, तुमची रिक्वायरमेंट काय?"

म्हणजे रिक्वायरमेंट माहीत नसताना मला तुमच्या काकांची मुंज दाखवली! नागरिकाला विनाकारण स्थानबद्ध करण्याविरुद्ध देशात कायदे आहेत. कॉन्फरन्स रूमला ते लागू नसावेत.

त्यात या आठवड्यात एक मुलगा आला आणि त्याने वेगळाच अन्याय केला. विषय कॉम्प्रेस्ड एअरच्या गळतीचा. यायच्या आधी त्याने फोनवर आमच्या मेंटेनन्सप्रमुखांना एक काम सांगितलं होतं: रविवारी सगळी मशिनं बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि तो किती वेळ लोडवर जातो, किती वेळ अनलोडवर राहतो, ते घड्याळ लावून टिपा.

पहिल्या स्लाइडवर लोगोसुद्धा नव्हता. तो म्हणाला, "साहेब, रविवारी तुमच्याकडे हवा वापरणारं कुणीच नव्हतं. तरी कॉम्प्रेसर दर सहा मिनिटांतली दोन मिनिटं हवा भरत होता. म्हणजे त्याच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा गळतीत जातो. कॉम्प्रेसर ३७ किलोवॉटचा; तासाला बारा युनिट. वर्षाला ७,२०० तास आणि युनिटला आठ रुपये धरले, तर सुमारे सात लाख. हा हिशेब तुम्हाला पटतो का?"

आणि गप्प बसला. विक्रेत्याने गप्प बसणं हे कोणत्या नियमात बसतं? त्या शांततेत मला स्वतः आकडेमोड करावी लागली. ती बरोबर निघाली.

मेंटेनन्सप्रमुख आक्रसून बसले होते. विक्रेता अडचणीपासून सुरू करतो तेव्हा खोलीतल्या कुणाचं तरी नाक त्या अडचणीत अडकलेलं असतं, आणि तो माणूस पुढे वर्षभर ती ऑर्डर अडवतो. पण या मुलाने तीही सोय ठेवली नाही. "होज, कपलिंग, एफआरएल युनिट, गळती बहुधा इथेच असते. मशिनं चालू असताना त्या आवाजात फुसफुस कुणालाच ऐकू येत नाही," म्हणाला. "आणि हा आकडा साहेबांनीच मोजून दिला, म्हणून आज बोलता येतंय." मेंटेनन्सप्रमुख सरळ बसले. माझा एकमेव मित्रपक्ष फितूर झाला.

मग त्याने स्वतःचाच आकडा कापला. गळती शून्यावर येत नाही, दहा टक्क्यांवर आणता येईल. शिवाय अनलोडवरही मोटर पाव हिस्सा वीज खातेच. म्हणून सात लाख खोडून त्याने साडेतीन लिहिले. मला सांगा, जो माणूस आपला फायदा आपणच निम्मा करतो, त्याच्याशी घासाघीस कुठून सुरू करायची? वर्षानुवर्षं कमावलेलं माझं कौशल्य एका पेनाच्या रेघेत निकामी झालं.

त्यानंतर काम काय, किती दिवसांचं, खर्च किती. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "तुमची कंपनी किती जुनी?" तेव्हा कुठे इतिहास आला. तीन वाक्यांत. गळतीची अशी कामं आधी कुठे केली, एवढंच. शेडचा फोटो मागितला तर तोही नव्हता.

सरकारी टेंडर असतं तर याची डाळ शिजली नसती. तिथे कागदपत्रांचा लिफाफा आधी उघडतात, वीस वर्षांची पुण्याई आधी मोजतात, आणि दुखणं मागाहून. ती व्यवस्था खरेदी विभागाचा मान राखते.

मी अखेरचं शस्त्र काढलं. "कळवतो" म्हणालो. खरेदी विभागाला हा शब्द घटनेनेच दिलेला असावा. त्यावर त्याने डायरी उघडली. "गळत्या शोधून टॅग लावायच्या तर लाइन बंद हवी. येत्या रविवारी येऊ की त्याच्या पुढच्या?" मेंटेनन्सप्रमुखांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "येत्या."

आता खरेदी विभागाचा प्रतिनिधी म्हणून रविवारी सकाळी सात वाजता मला हजर राहायचं आहे. त्याची भरपाई कोण देणार, हे मात्र त्याच्या एकाही स्लाइडवर नव्हतं.