नाशिकची आत्या, इस्तंबूलची कल्हई

परदेशी बाजारात घासाघीस करायची तर दोनचार शब्द तिथल्या भाषेतले हवेत, हे आत्याचं मत. घासाघिशीतला आत्याचा अधिकार वादातीत. जन्म नाशिकचा, माहेर भांडी बाजाराच्या तोंडाशी. तांब्याच्या घंगाळ्यावर टिचकी मारून ती त्याचं वय सांगते. इस्तंबूलच्या सहलीचे पैसे भरल्या दिवशीच तिने तुर्की वाक्यांचं एक छोटं पुस्तक पैदा केलं आणि कामाची वाक्यं उतरवून घ्यायला बसली.

कामाची वाटणी झाली. डाव्या रकान्यात आत्याने मराठी लिहिलं, उजव्या रकान्यात आतोबांनी पुस्तकात बघून तुर्की, पण देवनागरीत. आतोबा निवृत्त हेडक्लार्क. अक्षर मोत्याचं आणि काटकसर हाडीमासी खिळलेली. पहिली ओळ होती ‘नमस्कार’. ‘मेर्हाबा’ हा शब्द आतोबांना तोंडपाठ होता. येणारा शब्द लिहून शाई कशाला घालवा, म्हणून त्यांनी तो गाळला आणि थेट पुढच्यापासून सुरुवात केली. पहिल्याच रेघेवर.

झालं. अख्खा उजवा रकाना एक घर वर सरकला. आत्याच्या ‘काय भाव?’समोर आला ‘चोक पहाला’, म्हणजे ‘फार महाग’. तिच्या ‘फार महाग आहे’समोर जे आलं, ते पुस्तकात अंगचटीला येणाऱ्या पुरुषाला बायकांनी ठणकावण्यासाठी दिलं होतं: ‘चोक आयप!’ हा ‘आयप’ म्हणजे आपला ‘ऐब’च, अरबीतून दोन्हीकडे पोचलेला. आपल्याकडे तो घोड्यात, यंत्रात आणि जावयात काढतात. तुर्कस्तानात मात्र तो माणसाच्या वागण्यावर मारायचा शिक्का आहे. पोरांना शिस्त लावताना तिकडच्या आया दिवसभर ‘आयप, आयप’ करत असतात. पोक्त बाईने परक्या पुरुषाला भरबाजारात हेच सुनावलं, तर त्याचा अर्थ होतो, ‘आईबापांनी काही शिकवलं की नाही?’

कापालचार्शी, म्हणजे शब्दशः झाकलेला बाजार. 1453 मध्ये शहर जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमेदने त्याचा पाया घातला. डोक्यावर कमानींची छपरं, खाली हजारोंनी दुकानं, आणि गल्ल्यांना जुन्या कारागिरांची नावं. टोपीवाल्यांच्या गल्लीत आता सोनं विकतात. आत्याला सोन्यात रस नव्हता. तिला हवं होतं ‘जेझ्वे’, तुर्की कॉफीचं ते लांब दांड्याचं तांब्याचं भांडं. आम्ही सकाळीच बाजार गाठला, दुकानं नुकती उघडत होती. ही वेळही आत्याचीच निवड. भवानीचं गिऱ्हाईक दुकानदार सोडत नाही, हे तिला माहीत होतं. तुर्की लोक भवानीला ‘सिफ्ता’ म्हणतात आणि तिला आपल्याइतकेच मानतात, हे मला मागाहून कळलं.

दुकानात पंचविशीचा मुलगा होता. कोपऱ्यात स्टुलावर त्याचे वडील जपमाळ ओढत बसलेले. आत्याने एक जेझ्वे उचललं. तळहातावर वजन तोललं. दांडा रिबीट मारून बसवलाय की नुसता झाळलाय, ते पाहिलं. बाहेरचे हातोडीचे ठोके उलटसुलट आहेत की यंत्राने काढल्यासारखे एका मापाचे, त्यावर बोट फिरवलं. मग आत डोकावून कल्हई पाहिली. तुर्कीत कथलाला ‘कलाय’ म्हणतात, म्हणजे शब्दही घरचाच. तळाशी, कडेच्या वळणावर, करंगळीच्या नखाएवढा लालसर डाग होता. तिथे कल्हई धरलीच नव्हती. तांबं उघडं राहिलेल्या भांड्यात आंबट काही ठेवलं की ते कळकतं, हे आत्याला कोणी सांगायची गरज नाही. तिने भुवया उंचावून ‘च्च’ केलं.

आपल्याकडे ‘च्च’ म्हणजे हळहळ. तिकडे भुवया उंचावून ‘च्च’ म्हणजे सरळ ‘नाही’. भाव सांगण्याआधीच नकार मिळाल्याने मुलगा जरा वरमला. तेवढ्यात आत्याने कागद पाहून ‘काय भाव?’ विचारला:

“चोक पहाला.”

भाव ऐकण्याआधीच ‘फार महाग’! मुलगा हसला. कसलेलं गिऱ्हाईक आहे हे त्याने ओळखलं आणि इंग्रजीत म्हणाला, “नऊशे लिरा, मॅडम.”

आत्याने कागदावर बोट खाली सरकवलं, चष्मा सावरला आणि भांडी बाजारात लागतो तो आवाज लावला:

“चोक आयप!”

मुलाचं हसू जागच्या जागी विरलं. शेजारच्या दिव्यांच्या दुकानातून एक डोकं बाहेर आलं. आत्याला वाटलं, ऐकू गेलं नसावं. म्हणून तिने तर्जनी नाचवत पुन्हा सांगितलं, “चोक आयप!”

कोपऱ्यातली जपमाळ थांबली. म्हातारबा उठले. आता आपल्याला बाहेर काढणार, या तयारीने मी आत्याची पिशवी उचलली. पण म्हातारबांनी आधी आत्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, मग स्वतःच्या स्टुलाकडे, आणि मुलाला फैलावर घेतलं. एक शब्द समजत नसूनही मला सगळं समजलं. आईच्या वयाची बाई दुकानात आली, इतका वेळ उभी आहे, तिला बसायला दिलं नाहीस, चहा विचारला नाहीस, आणि भाव सांगतोस? बाई बोलली ते खोटं आहे का?

स्टूल आत्याच्या मागे आलं. तीन साखळ्यांनी लोंबणारं तबक झुलवत चहावाला पोऱ्या धावत आला. बारीक कमरेच्या पेल्यांतून बिनदुधाचा लालभडक चहा. “माझे वडील माफी मागतात,” मुलगा मान खाली घालून म्हणाला, “साडेसातशे.”

“बघितलंस?” आत्या माझ्याकडे वळली. “नीट त्यांच्या भाषेत सांगितलं की ऐकतात.”

चहा पिता पिता मी तो कागद हाती घेऊन वाचला. खिशातल्या पुस्तकाशी ताडून पाहिला. पोटात गोळा आला. पण भाव उतरत असताना भाषाशुद्धीचा विषय काढणं शहाणपणाचं नव्हतं.

कल्हईचा डाग दाखवत आत्या एकदा म्हणाली, “चोक आयप.” या खेपेला तर तो शब्द चपखल बसला. म्हातारबांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली, आतून दुसरं, पूर्ण कल्हईचं जेझ्वे आणवलं. आत्याने बोटांनी साडेचारशे दाखवले. तिथे एक नियम आहे: आपण आकडा तोंडातून काढला आणि दुकानदार ‘हो’ म्हणाला, की माल घ्यावाच लागतो, मागे फिरणं हे खरं ‘आयप’. त्यामुळे जपूनच बोलायचं. सहाशेवर सौदा पटला. म्हातारबांनी नोटा हनुवटीला लावल्या. “भवानी,” आत्या खुशीत पुटपुटली.

दुकानाबाहेर पडतो तर एक अत्तरवाला आडवा आला. आत्याच्या मनगटावर बाटली टेकवू लागला, सोडीचना. आत्याने कागद काढला. ‘चावट माणसाला’ या ओळीसमोर आतोबांच्या मोत्याच्या अक्षरात एकच शब्द होता. मी “अगं, थांब” म्हणेपर्यंत तो कमानींखाली घुमला:

“इम्दात!”

इम्दात म्हणजे ‘धावा, वाचवा!’

तुर्की माणूस या शब्दाला फार मानतो. दिवेवाला धावला, गालिचेवाला धावला, आमचा म्हातारबाही जपमाळेसकट आला. अत्तरवाला बाटली टाकून गडप झाला. बाईंना भोवळ आली असं समजून कोणीतरी आत्याच्या हातांवर लिंबाच्या वासाचं कोलोन भडभडा ओतलं, स्टूल पुन्हा आलं, आणि पाठोपाठ चहाचं तबक.

आत्या भारावून गेली. एवढ्या माणसांचे आभार तरी मानावेत म्हणून तिने शेवटची ओळ काढली. ‘आभारी आहे’. समोरचा रकाना कोरा. कागद उलटून पाहिला, उजेडात धरला.

“यांच्यात आभार मानायची पद्धत दिसत नाही रे,” ती म्हणाली आणि चहाचा पेला उचलला.